मेंढा-लेखाचा व्हिडिओ बघून मुलाखतीला जाणाऱ्या पोट्ट्यांसाठी

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ह्या गावाची गोष्ट प्रेरणेच्या व्हिडिओत सांगतात तशी झालीच नाही, आणि खरंच जशी झाली तशी सांगितली तर मुलाखतीला जाणाऱ्या पोट्ट्याला ती कितीतरी जास्त कामी पडते, एवढंच मला म्हणायचं आहे. पण एवढंच म्हटलं की अभ्यासिकेतले सर लोक म्हणतात तुम्हाला पॉझिटिव्ह काही पाहवतच नाही, म्हणून जरा लांबण लावून लिहून राहिलो.

आपल्या इकडे तालुक्या-तालुक्याला आता अभ्यासिका झाल्या, चांगली गोष्ट आहे. तलाठी असो, पोलिस भरती असो, एमपीएससीची मुलाखत असो, जायच्या आधी पोरांना एकत्र बसवून मोबाईलवर नाहीतर प्रोजेक्टरवर दोन-चार व्हिडिओ दाखवायची पद्धतच पडून गेली. त्यात छोट्या गावांच्या गोष्टी जास्त चालतात, काहून की आपले पोट्टे स्वतः छोट्या गावातले. आणि गावांमध्ये मेंढा ठरलेलं. वरून ड्रोननं घेतलेलं जंगल, मागून ढोल, आणि एक जाड आवाज सांगते की पाचशे माणसांचं गोंड आदिवासींचं गाव, कोणाजवळ पैसा नाही, ओळख नाही, पण गावानं ठरवलं आणि सरकारला झुकावं लागलं. मग ती घोषणा, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. अंगावर काटा येते, माझ्याही येते, खोटं काहून बोलू.

आता ह्या गोष्टीत "गावानं ठरवलं" आणि "सरकार झुकलं" ह्या दोन वाक्यांच्या मधात काय झालं ते कोणीच सांगत नाही, आणि सगळा माल तिथंच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेंढा हे गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं गाव, लेखा ह्या गट ग्रामपंचायतीतलं, म्हणून मेंढा (लेखा). वनहक्क कायदा 2006 साली संसदेत पास झाला, त्याचे नियम 1 जानेवारी 2008 पासून लागू झाले, आणि 2009 साली मेंढ्याला अठराशे हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. सोबत त्याच जिल्ह्यातल्या मर्दा गावालाही मिळाला. देशातले पहिले म्हणून ह्याच दोन गावांचं नाव घेतात, पण मर्द्याचं नाव कोणत्या व्हिडिओत येत नाही, का ते व्हिडिओवाल्यांनाच विचारा.

तर 2009 मध्ये हक्काचा कागद हातात आला. व्हिडिओ इथं संपते, टाळ्या होतात. गावासाठी मात्र खरी अडचण इथून सुरू झाली. जंगलात मुख्य माल म्हणजे बांबू. बांबू तोडायचा हक्क आहे, तोडलाही, पण विकायचा तर गावाबाहेर न्यावा लागते, आणि न्यायचा तर वाहतूक पास पाहिजे, ज्याला सगळे टीपी म्हणतात. टीपी नसला तर नाक्यावर ट्रक थांबते आणि माल जप्त होते. टीपी द्यायचा अधिकार तेव्हा वनविभागाकडं. आणि वनविभागाचं म्हणणं असं की बांबू हे झाड आहे, म्हणजे तो इमारती लाकडासारखा आमचा माल झाला, गौण वनोपज नाही, त्यामुळं ग्रामसभेला तो विकता येणार नाही.

ऐकताना हे म्हणणं अडेलतट्टूपणाचं वाटते, पण त्याला आधार होता, आणि मुलाखतीला जाणाऱ्यानं हा आधार माहीत करून घ्यावा. भारतीय वन कायदा 1927 चा आहे, इंग्रजाच्या काळातला, त्याच्या कलम 2(7) मध्ये झाड कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे आणि त्यात ताड-माडाच्या जातींसोबत बांबूही घातला आहे. म्हणजे फॉरेस्टचा माणूस ऐंशी वर्षं ज्या पुस्तकावर काम करून राहिला त्यात बांबू झाडच होता. आता 2006 चा वनहक्क कायदा घ्या, त्याच्या कलम 2(i) मध्ये गौण वनोपजाची यादी आहे, त्यात बांबू, वेत, मध, लाख, तेंदूपत्ता, औषधी वनस्पती, कंदमुळं, सगळं नाव घेऊन लिहिलं आहे. आणि कलम 3(1)(c) म्हणते की परंपरेनं गोळा करत आलेल्या गौण वनोपजावर मालकी, ते गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क लोकांचा. एकाच देशातले दोन कायदे, एकात बांबू झाड, दुसऱ्यात वनोपज. कॉलेजातला वनस्पतीशास्त्राचा पोट्टा म्हणेल बांबू तर गवत आहे, गव्हा-धानाच्या कुळातलं, बरोबर आहे बाप्पा, पण नाक्यावर वनस्पतीशास्त्र चालत नाही.

मेंढ्याच्या लोकांनी ह्या जागेवर काय केलं तर हेच कलम धरून ठेवलं. मोर्च्यात ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती. ग्रामसभेचा अर्ज, उत्तर, परत अर्ज, असं चाललं, आणि दर वेळी मुद्दा एकच की आम्ही सवलत मागून राहिलो नाही, नव्या कायद्यात आमच्या मालाचं नाव लिहिलं आहे आणि त्याच कायद्याच्या कलम 4 ची सुरुवातच "इतर कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी" अशा अर्थाची आहे. शेवटी मार्च 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण आणि वन मंत्री जयराम रमेश ह्यांनी सगळ्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबूला गौण वनोपज धरा, आणि 27 एप्रिल 2011 ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले, टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. पुस्तक म्हणजे साधं पासबुकासारखं, त्यात माल किती, कुठून कुठं, गाडी कोणती, एवढंच भरायचं. पण ते कोणाच्या हातात आहे ह्यावर सगळा व्यवहार अवलंबून. मग विक्री झाली आणि गावाचा बांबूचा आकडा कोटीच्या घरात गेला. पुढं सप्टेंबर 2012 मध्ये वनहक्काचे नियमच बदलले आणि टीपी देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडं आहे हे नियमातच आलं, म्हणजे मेंढ्याचा फायदा दुसऱ्या गावांनाही झाला.

मी म्हणतो गोष्ट ही आहे. पाचशे लोकांचं गाव सरकारच्या विरोधात जिंकलं हे अर्धवट आहे, गाव सरकारनंच केलेल्या कायद्याला धरून सरकारच्या एका खात्यापुढं टिकलं, आणि त्याला त्याच खात्याच्या केंद्रातल्या मंत्र्याची साथ भेटली. साथ भेटली म्हणून गावाची किंमत कमी होत नाही. पण ते लपवलं तर पोराला वाटते की हिंमत असली की झालं.

मग लोक विचारतात की गोंडी बोलणाऱ्या, शाळा कमी शिकलेल्या माणसांना कलम 2(i) कसं माहीत पडलं. ह्याचं उत्तर मेंढ्याच्या सगळ्यात भारी गोष्टीत आहे, त्याला ते अभ्यास गट म्हणतात, आणि हा कायदा यायच्या वीसेक वर्षं आधीपासून चालू आहे. देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल चंद्रपूरच्या वृक्षमित्र संस्थेचे, ही दोन नावं ह्यात येतातच. पद्धत अशी की एखादा विषय घेतला की ज्याला रस आहे ते बसतात, बाहेरचा जाणकार असला तर त्याला बोलावतात, वाचतात, विचारतात, पण तिथं निर्णय घेत नाहीत. निर्णय फक्त ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीनं, बहुमतानं नाही. एकाचा जरी विरोध असला तर विषय पुढं ढकलतात आणि पुन्हा बोलतात. वेळ जाते, भयंकर वेळ जाते, घाईच्या माणसाचं ते काम नाही.

अभ्यास म्हणजे फक्त कायद्याचा पण नाही. मधाचं उदाहरण पहा. आग्या मोहोळ काढायची जुनी रीत म्हणजे खाली आग लावायची, माश्या जळतात नाहीतर पळतात, मग पूर्ण पोळं काढून पिळायचं, त्यात अंडी-पिल्लं सगळी जातात आणि मधही गढूळ निघते. अभ्यास गटात ह्यावर बसले, माश्या कशा राहतात ते समजून घेतलं, आणि पोळ्याचा फक्त मध असलेला भाग कापून घ्यायचा, पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा, अशी रीत बसवली. बांबूचंही तसंच. बांबूच्या बेटाला आपल्याकडं रांझी म्हणतात, रांझीत ह्या वर्षीचे कोवळे, मागच्या वर्षीचे आणि जुने असे बांबू एकत्र उभे असतात, तोडायचे ते जुनेच, आणि जमिनीपासून थोडं वर, पेराच्या वर तोडायचे. कोवळे तोडले किंवा बुडापासून सगळी रांझी साफ केली तर दोन-तीन वर्षांत ती बसते. ठेकेदाराच्या मजुराला नगावर पैसे मिळतात, तो हातात येईल ते तोडते, त्याच्यावर राग काढून काय उपयोग. ज्या गावाला दर वर्षी त्याच रांझीजवळ यायचं आहे ते गाव वेगळ्या तऱ्हेनं तोडते. आता समजा मुलाखतीत कोणी विचारलं की ग्रामसभेला जंगल दिलं तर ती ओरबाडणार नाही कशावरून, तर "आदिवासी निसर्गपूजक असतात" ह्या उत्तरापेक्षा रांझीचं उत्तर किती पटींनी चांगलं आहे ते तुम्हीच सांगा.

मुलाखतीवर आलोच आहोत तर नीट येतो. मी दर वर्षी काही पोरांच्या सराव मुलाखती घेतो, फुकट घेतो म्हणून येतात. गडचिरोली-चंद्रपूरकडचा पोट्टा असला की जिल्ह्यावर प्रश्न येणार हे नक्की, आणि मेंढा-लेखा निघण्याची शक्यता मोठी. एक पोरगी, कुरखेड्याकडची, हुशार, तिला मी विचारलं मेंढ्याबद्दल सांगा. तिनं जे सांगितलं ते शब्दाला शब्द व्हिडिओतलं होतं, एकजूट, जिद्द, इच्छाशक्ती, सरकारला झुकवलं. मी विचारलं, मॅडम, तुम्ही उद्या उपजिल्हाधिकारी होणार, म्हणजे सरकार तुम्हीच, मग तुम्हाला झुकवलेलं चालेल का? ती गप. मग विचारलं बांबू झाड आहे का? ती म्हणाली हो सर. म्हटलं मग तर फॉरेस्टवाल्यांचंच बरोबर होतं. पुन्हा गप.

चूक तिची नव्हती, तिला गोष्टच अशी दिली होती की तिच्यात प्रश्नाला जागा नाही. आम्ही मग एक दुपार बसून तेच पुन्हा केलं. आता ती सांगायची ते असं की, 1927 च्या कायद्यानं बांबू झाड होता आणि 2006 च्या कायद्यानं तो गौण वनोपज झाला, जमिनीवरच्या अधिकाऱ्याकडं जुनीच पद्धत होती आणि ग्रामसभेला पास द्यायची सोय नियमात स्पष्ट नव्हती, म्हणून 2009 ते 2011 हक्क असूनही व्यवहार अडला, केंद्राच्या पत्रानं आणि नंतर 2012 च्या नियमबदलानं ते सुटलं. मग मी तिला अडवायला विचारलं की 2017 मध्ये तर वन कायद्यातून बांबू काढलाच ना, मग भांडण काय उरलं. तर ती म्हणाली सर, ती दुरुस्ती मुख्यतः जंगलाबाहेर, शेतात वगैरे लावलेल्या बांबूसाठी होती, मेंढ्याचा बांबू जंगलातला आहे, त्याला आधार वनहक्क कायद्याचाच. मला आत कुठंतरी बरं वाटलं. हे उत्तर देताना तिचा आवाज चढला नव्हता, हात हलत नव्हते, ती फक्त एक माहीत असलेली गोष्ट सांगत होती. मला विचाराल तर मुलाखतीच्या आधी जो धीर पाहिजे तो असा येते.

आता माझी दुसरी तक्रार, आणि ही मला जास्त टोचते. "गावानं ठरवलं म्हणून झालं" असं सांगितलं की ज्या गावांचं झालं नाही त्यांनी ठरवलंच नाही असा अर्थ आपोआप निघते. आणि ते पोट्टे त्याच गावांतले असतात ना! सामूहिक वनहक्काच्या बाबतीत गडचिरोली देशात पुढं आहे हे खरं, पण विदर्भातलंच दुसरं एखादं गाव घ्या, जिथं गैरआदिवासी वननिवासी जास्त आहेत. त्यांना कायद्यानं 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा द्यावा लागते. म्हणजे 1930 चा कागद. ज्याच्या आजोबाला स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती तो 1930 चा कागद कुठून आणणार? नियमात म्हाताऱ्या माणसांचे जबाब, गावाच्या जंगल वापराची जुनी नोंद म्हणजे निस्तार पत्रक, असे पुरावे चालतात असं लिहिलं आहे, पण ते लिहिलं आहे हे गावाला कोणी सांगावं लागते, वनहक्क समितीनं जागेवर जाऊन पाहणी करावी लागते, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती, प्रत्येक टप्प्यावर फाईल थांबू शकते. ह्यात इच्छाशक्ती किती आणि नशिबानं भेटलेला चांगला तहसीलदार किती, हे प्रामाणिकपणे सांगायला काय हरकत आहे. आमच्या पोरांपैकी निम्मे तर उद्या त्याच उपविभागीय समितीच्या टेबलावर कारकून नाहीतर अधिकारी म्हणून बसणार आहेत, फाईल त्यांच्याच हातात येणार.

आणि मेंढ्याचंही सगळं लगेच झालं असं नाही. गावानं 2013 मध्ये ग्रामदान करायचं ठरवलं, म्हणजे खासगी जमीनही ग्रामसभेच्या नावानं, त्यासाठी 1964 चा महाराष्ट्र ग्रामदान कायदा आधीपासून आहेच. पण सरकारी पातळीवर तो विषय वर्षानुवर्षं रेंगाळला. कायदा होता, सर्वसहमती होती, गावाचं नाव देशभर झालं होतं, तरी रेंगाळला. मग इच्छाशक्तीवाल्या व्हिडिओनं ह्याचा हिशोब कसा लावायचा? ते लावतच नाहीत, तो भाग कापून टाकतात.

आमच्या एका क्लासवाल्या सरांचं म्हणणं आहे की हे सगळं ठीक आहे पण आदल्या दिवशी पोरगं घाबरलेलं असते, त्याला झोप येत नाही, तेव्हा तुम्ही त्याला कलम 2(7) सांगणार का. त्यांचं हे म्हणणं मला मान्य आहे. आदल्या रात्री कोणालाच काही शिकवू नये, तेव्हा ढोलवाला व्हिडिओ लावा, खुशाल लावा, रडू द्या, हसू द्या, जेवून झोपू द्या. पोलिस भरतीच्या पोराला तर सकाळी ग्राउंड आहे, त्याला मेंढ्याचा बांबू घेऊन काय करायचं. माझं म्हणणं मुलाखतीवाल्यांपुरतं आहे, आणि तेही दोन-तीन आठवडे आधीचं. तेव्हा तोच व्हिडिओ लावायचा आणि "सरकार झुकलं" आलं की पॉज करून पोरांना विचारायचं, कोणतं सरकार, कोणत्या कागदावर, अडलं कुठं होतं. दहापैकी आठ व्हिडिओ ह्या तीन प्रश्नांतच ढासळतात, आणि जे उरतात ते ठेवून द्यायचे.

ह्याच्याही पुढची एक गोष्ट सुचवून पाहिली आहे, अजून जमली नाही. आपल्या तालुक्यात वनहक्काचा दावा केलेल्या ग्रामसभा आहेत, काहींचे मंजूर, काहींचे पडून आहेत, त्यातल्या एखाद्या वनहक्क समितीच्या अध्यक्षाला, बाई असल्या तर उत्तम, अभ्यासिकेत बोलवायचं आणि त्यांची दाव्याची फाईल टेबलावर ठेवायला सांगायची. जबाब कसे लिहिले, नकाशा कोणी काढला, कोणत्या टेबलावरून परत आली, परत आली तेव्हा कोणतं कारण लिहून आलं, हे पोरांनी त्यांना विचारायचं. अडचण एवढीच की अशा बाईंना मे महिन्यात तेंदूपत्त्यातून सवड नसते, सकाळी जंगल, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर म्हणजे पुडे जमा करायच्या जागी मोजणी, आणि आपल्या अभ्यासिकेला नेमकं उन्हाळ्यातच शिबिर सुचते. तर शिबिर पावसाच्या आधी नको, दिवाळीनंतर धान कापणी उरकल्यावर ठेवा, मग त्या येतील.